‘अपेक्षा : अनुरूप’

लग्नाच्या बायोडेटात सगळ्यात शेवटी एक ओळ असते, ‘अपेक्षा’. तिच्या वर उंची, रक्तगट, रास, नाडी, मामांचं गाव, बागायत किती आणि जिरायत किती, सगळं तपशीलवार लिहिलेलं असतं. आणि या ओळीपुढे एकच शब्द : ‘अनुरूप’. जमीन गुंठ्यापर्यंत मोजून सांगणारी माणसं इथे आल्यावर एकदम मोघम होतात. विवाहपूर्व समुपदेशनाचं काम करताना असे शेकडो कागद माझ्या हाताखालून गेले. हा शब्द दिसला की मी समोरच्याला विचारते, “कशाला अनुरूप?” बहुतेक जण आईकडे बघतात.

प्रेमविवाह केलेल्यांना वाटतं, ही अडचण ठरवून लग्न करणाऱ्यांची. तसं नाही. माझ्याकडे लग्नानंतर दोन वर्षांनी भांडत येणाऱ्या जोडप्यांत कॉलेजपासूनची जोडपीही असतात. ज्या प्रश्नांवरून ती भांडतात, ते प्रश्न ठरवून लग्न केलेल्यांच्याच भांडणातले असतात. पैसे कोणाच्या घरी जाणार, आई-वडील कोणाकडे राहणार, मूल कधी, आणि रात्री नक्की काय बिघडलंय. ठरवून लग्न करणारे हे विचारत नाहीत, कारण पुरेशी ओळख नसते. प्रेमात पडलेले विचारत नाहीत, कारण सहा वर्षांच्या ओळखीनंतर असलं काही विचारणं त्यांना अपमानास्पद वाटतं.

कोणतं लग्न जास्त टिकतं, यावर घरोघरी वाद होतात आणि एका अभ्यासाचा हवाला हमखास दिला जातो : ठरवून केलेल्या लग्नात प्रेम हळूहळू वाढतं, प्रेमविवाहात ते ओसरतं. हा अभ्यास खरोखरच झालेला आहे, १९८२ साली जयपूरमध्ये. पण त्यात जोडपी होती ५०. शिवाय तीच जोडपी दहा वर्षं पुन्हा पुन्हा तपासलेली नव्हती. वेगवेगळ्या वर्षी लग्न झालेली वेगवेगळी जोडपी एकदाच विचारून घेतलेली होती. त्यामुळे ‘वाढलं’ आणि ‘ओसरलं’ हे शब्दच जरा सैल आहेत. २०१२ साली अमेरिकेतल्या भारतीय जोडप्यांवर असाच एक छोटा अभ्यास झाला, त्यात दोन प्रकारच्या लग्नांत प्रेमात किंवा समाधानात फरक आढळला नाही. मला स्वतःला या वादात रस उरलेला नाही. लग्न कसं जमलं यापेक्षा साखरपुड्याआधी काय बोलणं झालं, हे विचारलं की मला जास्त कळतं.

बोलणं होत नाही असंही नाही. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात “जरा गच्चीवर जाऊन बोला” म्हणून वीस मिनिटं दिली जातात. त्यात छंद, प्रवास, आवडते सिनेमे होतात आणि मग येतो तो शब्द : “ॲडजस्ट करशील ना?” समोरून “हो” येतं. कशाशी ॲडजस्ट, हे दोघांनाही माहीत नसतं. त्याच्या डोक्यात आईचे सोवळ्याओवळ्याचे नियम असतात, तिच्या डोक्यात एक बाथरूम पाच जणांत वापरण्याची तयारी. दोघंही खरं बोललेले असतात, तरी लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात “तूच तर हो म्हणाली होतीस” सुरू होतं.

म्हणून मी मुलांना सांगते, मत विचारू नका, मागचा आठवडा विचारा. “बायकोने नोकरी केलेली चालेल का?” याला आजकाल कोणी नाही म्हणत नाही. त्यापेक्षा “मागच्या रविवारी तुझ्या घरी जेवणानंतरची भांडी कोणी घासली?” असं विचारावं. “मी स्पेस देणारा आहे” या वाक्यातून काही कळत नाही. “तुझी बहीण शेवटची एकटी फिरायला कधी गेली होती आणि घरी काय झालं होतं?” यातून घर कळतं. माणूस स्वतःच्या मतांबद्दल चुकीचं सांगू शकतो, तेही प्रामाणिकपणे. गेल्या रविवारच्या भांड्यांबद्दल चुकीचं सांगणं जरा अवघड जातं.

एक उदाहरण सविस्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून गाव आणि आकडे थोडे बदललेत. मुलगी सांगलीची, पुण्यात बँकेत, हातात येणारा पगार ५८,०००. वडील साखर कारखान्यातून निवृत्त, धाकटी बहीण शिकतेय. मुलगा नाशिकचा, पुण्यात वाहन उद्योगात डिझाइनर, हातात ७४,०००. वाकडला फ्लॅट, त्याचा हप्ता ३१,०००, अजून १७ वर्षं. फ्लॅटवर नाव त्याचं आणि वडिलांचं. पहिल्या भेटीत तो म्हणाला, “तुमचा पगार तुमचाच, मला त्यातलं काही नको.” मुलीच्या आईला हे फार आवडलं. मुलीला मात्र काहीतरी खटकत होतं, काय ते सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या भेटीला तिने एका कागदावर दोघांचा महिना मांडला. एकूण १,३२,०००. हप्ता ३१,०००. तो नाशिकला पाठवतो १०,०००, ती सांगलीला पाठवते १२,०००. हे ५३,००० वजा जाता राहतात ७९,०००. किराणा, सोसायटीचा मेंटेनन्स, पेट्रोल, कामवाल्या मावशी, विमा धरून ४०,००० लावले. उरले ३९,०००. म्हणजे पैशांची अडचण नव्हतीच. मग तिने विचारलं, “माझा पगार माझाच, तर घरखर्चात मी किती घालायचे? आणि हप्ता १७ वर्षं दोघांच्या संसारातून जाणार, तर घर कोणाचं?” हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ‘तुमचा पगार तुमचाच’ हे त्याने मोठ्या मनाने म्हटलेलं होतं, पण त्यात ‘घरही आमचंच’ हेही बसलेलं होतं, हे त्याला तेव्हा कळलं. मग त्याने त्याचा प्रश्न विचारला, “सांगलीला किती वर्षं पाठवणार?” ती म्हणाली, “बहिणीचं शिक्षण अजून चार वर्षं आहे. पण त्यानंतर बाबांचं औषधपाणी आहेच. म्हणजे तसं कायमच.”

इथे दोघंही बराच वेळ गप्प बसले होते, असं तिने मला सांगितलं. ही गप्प बसण्याची वेळ साखरपुड्याआधी आली, याचं मला बरं वाटलं. हीच वेळ लग्नानंतर दिवाळीच्या खरेदीच्या दिवशी येते, तेव्हा आजूबाजूला सासू, नणंद आणि फराळाचे डबे असतात.

मी तिला एवढंच म्हटलं, त्याच्या उत्तरावर विसंबू नकोस, तो हे घरी सांगतो का ते बघ. आपल्याकडे मुलगा कॅफेत एक असतो आणि आईसमोर दुसरा, आणि संसार आईसमोरच्या मुलाशी करायचा असतो. तो नाशिकला गेला, वडिलांशी बोलला. वडील म्हणाले, “सुनेच्या पगारावर आमचा डोळा नाही. तिने तिच्या आई-बापाला द्यावेत. फक्त ते चारचौघांत बोलू नका.” हे उत्तर आदर्श नव्हे. पण ते खरं होतं, आणि मुलाने ते जसंच्या तसं, शेवटच्या वाक्यासकट, तिला येऊन सांगितलं. घरावर तिचं नाव तेव्हा लागलं नाही. घरखर्च पगाराच्या प्रमाणात वाटून घ्यायचा आणि नंतरची जी काही मोठी खरेदी होईल ती दोघांच्या नावावर, असं ठरलं. तिला ते पटलं. मला कदाचित पटलं नसतं, पण लग्न तिचं होतं.

प्रेमविवाहात हाच घरच्यासमोरचा मुलगा, किंवा घरच्यासमोरची मुलगी, सहा वर्षांत एकदाही दिसलेली नसते. हॉस्टेल, कॅन्टीन, सिंहगड, ऑफिसची बस, सगळीकडे माणूस पाहिलेला असतो, फक्त त्याच्या स्वयंपाकघरात नाही. म्हणून अशा जोडप्यांना माझा सल्ला असा की लग्न ठरवण्याआधी एकमेकांच्या घरी निदान दोन दिवस राहून या. सणावाराला नको, साध्या दिवसांत. पाहुणी म्हणून गेलात तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घर आपल्या मूळ आवाजात बोलायला लागतं.

आता राहिला तो विषय, ज्यासाठी पोह्यांच्या बशीशेजारी कधीच जागा नसते. गंमत अशी की पत्रिका जुळवताना हा विषय आपल्याकडे शतकानुशतकं घेतलेला आहे. ३६ गुणांतले ४ गुण ‘योनी’चे. प्रत्येक नक्षत्राला एक प्राणी दिलेला, घोडा, हत्ती, साप, मुंगूस, मांजर, उंदीर असे एकूण १४. मांजर आणि उंदीर समोरासमोर आले, किंवा साप आणि मुंगूस, तर शून्य गुण. शरीरसंबंध जुळतील का, हा त्या ४ गुणांचा अर्थ. म्हणजे दोन घरांतली वडीलधारी माणसं गुरुजींसमोर बसून मुलांच्या शरीरसंबंधांची चौकशी करतात, आणि त्याच मुलांनी एकमेकांना विचारलं तर ते निर्लज्ज ठरतात. मराठीत हा विषय नवाही नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवून यावर छापील मराठीत लिहिलं, त्यासाठी खटलेही सोसले.

हा विषय पहिल्या भेटीत काढू नये. दोघांचाही होकाराकडे कल झाला आहे आणि साखरपुडा ठरायचा आहे, तेव्हा काढावा. समोरासमोर टेबलावर बसून तो बोलता येत नाही, नजर कुठे ठेवायची कळत नाही. चालत बोलावं. तळजाईच्या टेकडीवर किंवा कुठल्याही मोकळ्या रस्त्यावर शेजारी शेजारी चालताना माणूस जास्त खरं बोलतो. सुरुवात प्रश्नाने न करता स्वतःपासून करावी. “मला या गोष्टीची थोडी भीती वाटते. लग्न झालं की लगेच सगळं व्हायला हवं, असं मला वाटत नाही. तुला काय वाटतं?” एवढी दोन-तीन वाक्यं पुरतात. मुलांनाही भीती असते, आपल्याला जमेल का याची, पण हे वाक्य त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. उत्तर काय येतं त्यापेक्षा कसं येतं ते पाहावं. “ते लग्नानंतर आपोआप जमतं” म्हणून कोणी विषय झटकला, तर तो लाजतोय असं समजून एकदा सोडून द्यावं. दुसऱ्यांदाही झटकला तर मात्र विचार करावा. आणि “आधी सांग, तुझं कोणी होतं का?” असा उलटा प्रश्न आला, तर बोलणं जवळिकीवरून पहाऱ्यावर गेलं, हे ओळखावं.

पूर्वीच्या नात्यांबद्दल किती सांगायचं, हे मला सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं. माझं मोजमाप साधं आहे. ज्या गोष्टीचा समोरच्याच्या पुढच्या आयुष्यावर परिणाम होणार, ती सांगायलाच हवी : आधीचं लग्न, मूल, अजून चालू असलेलं नातं, कर्ज, दीर्घ आजार आणि त्याची औषधं, मूल होण्यात माहीत असलेली अडचण, मूल नकोच असणं. आपल्याला विरुद्ध लिंगाच्या माणसाबद्दल आकर्षणच वाटत नसेल, तर तेही. घरच्यांच्या दबावाखाली ते लपवून केलेल्या लग्नात दोन आयुष्यं अडकलेली मी पाहिली आहेत. संपलेल्या नात्यातले बाकीचे तपशील आपले आपल्यापाशी ठेवायला हरकत नाही. कायदाही साधारण याच दिशेने पाहतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ नुसार, महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून संमती मिळवलेली असेल तर लग्न रद्द ठरवून मागता येतं. मात्र फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि कळल्यानंतरही राजीखुशीने एकत्र राहिलात तर तो हक्क जातो. ‘बघू, सुधारेल’ म्हणत दोन वर्षं काढणाऱ्यांना हे फार उशिरा कळतं.

पहिल्या रात्रीबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. आपल्या लग्नात नवरा-नवरी तीन दिवस नीट झोपलेली नसतात. हळद, सीमांतपूजन, मुहूर्त, वरात, मग गोंधळ, सत्यनारायण, आणि घरभर गाद्या घालून झोपलेले पाहुणे. अशा अवस्थेत ज्यांची धड ओळखही नाही, अशा दोन शरीरांकडून काही घडण्याची अपेक्षा करणं हेच मुळात चूक. म्हणून लग्नाआधीच ठरवून टाकावं की त्या आठवड्यात काही झालं नाही तर तो कोणाचाही दोष नाही. हे आधी न ठरवल्यामुळे काय होतं ते सांगते. घाईत एकदा जमत नाही. नवऱ्याला वाटतं, आपल्यातच कमी आहे, आणि दुसऱ्या वेळी त्या धास्तीनेच ताठरता येत नाही. किंवा भीतीमुळे बायकोच्या योनिमार्गाचे स्नायू आपोआप घट्ट आवळले जातात. ते ती मुद्दाम करत नाही, आणि तिला ठरवून थांबवताही येत नाही. याला व्हजायनिस्मस म्हणतात. मग दोघंही तो विषय टाळायला लागतात, एक जण लवकर झोपतो, दुसरा मोबाइल बघत बसतो. दीड वर्षाने सासूबाई “गोड बातमी कधी?” विचारतात, तेव्हा ती दोघं डॉक्टरकडे जातात, आणि तिथेही आधी मूल होत नाही म्हणूनच तक्रार सांगतात.

यावर उपचार आहेत आणि ते बहुतेकांना लागू पडतात. पहिली पायरी ऐकून जोडप्यांना आश्चर्य वाटतं : डॉक्टर काही आठवडे संभोगाचा प्रयत्नच बंद करायला सांगतात. फक्त स्पर्शाची सवय करायची, कुठेही पोहोचायचं नाही. धास्ती गेली की शरीर पुन्हा ऐकायला लागतं. स्नायूंच्या अडचणीसाठी लहान आकारापासून क्रमाने मोठे होत जाणारे डायलेटर वापरायला शिकवतात, तेही तिच्या स्वतःच्या हाताने आणि तिच्या गतीने. आणि रक्त येण्याबद्दल : पहिल्या संबंधाच्या वेळी अनेक मुलींना रक्त येतच नाही. त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. हे मुलाला लग्नाआधी माहीत असणं, हीसुद्धा या बोलण्याची एक पायरी आहे.

मूल कधी, याचंही उत्तर ‘दोन वर्षांनी’ एवढंच देऊन थांबू नये. दोन वर्षं गर्भनिरोधनाची जबाबदारी कोणाची, ते ठरवावं. नाहीतर ती आपोआप तिच्यावर पडते आणि दर महिन्याला इमर्जन्सी गोळी घेण्यावर येते. ती गोळी त्यासाठी बनलेलीच नाही.

तपासण्यांचं सांगायचं तर, रक्तगट एकच असला की मुलं होत नाहीत किंवा आजारी होतात, हा समज अजून टिकून आहे. त्यात तथ्य नाही. लक्ष ठेवायचं ते मुलगी आरएच निगेटिव्ह आणि मुलगा पॉझिटिव्ह असेल तर. पण तेही लग्न मोडण्याचं कारण नव्हे. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन वेळेवर द्यायचं, हे डॉक्टरांना आधीपासून माहीत असलं की झालं. नाडी एक आली म्हणून चांगली स्थळं सोडणारी घरं संततीची काळजी करत असतात, ती काळजी खोटी नाही. फक्त तिचं उत्तर रक्ताच्या एचपीएलसी तपासणीत आहे. थॅलेसेमिया किंवा सिकलसेलचा वाहक माणूस स्वतः ठणठणीत असतो, त्याला काही कळतही नाही. दोघंही एकाच आजाराचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के. सिकलसेलचं प्रमाण विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात जास्त आहे. थॅलेसेमिया सिंधी, कच्छी, पंजाबी घरांत जास्त आढळतो, पण तिथेच असतो असं नाही. रक्तात लोह फार कमी असेल तर थॅलेसेमिया मायनर या तपासणीत लपू शकतो, म्हणून हिमोग्लोबिनही सोबत पाहावं. दोघं वाहक निघाले तरी लग्न करता येतं, गरोदरपणात लवकर गर्भाची तपासणी होऊ शकते. पण तो निर्णय डोळे उघडे ठेवून घ्यायचा. एचआयव्हीची तपासणी दोघांनी आपखुशीने करून अहवाल एकमेकांना दाखवावेत. एका बाजूने मागायचा आणि दुसऱ्या बाजूने फक्त द्यायचा, असा हा व्यवहार नको.

आता जरा आई-वडिलांसाठी. मुलांना गच्चीवरची वीस मिनिटं पुरत नाहीत. हॉलचं बुकिंग आणि बस्ता ही कामं त्यांच्या निदान चार भेटींनंतर काढा, कारण ॲडव्हान्स भरला की मुलीला नाही म्हणताच येत नाही, ती त्या ॲडव्हान्सचा विचार करते. प्रत्येक भेटीनंतर “काय बोललात?” असं विचारू नका. आणि चौथ्या भेटीनंतर समोरून नकार आला, तर फोनवर कारण विचारू नका. पोरांनी ते शोधायला महिना घालवलेला असतो, आणि तुम्हाला सांगण्यासारखं ते बहुधा नसतं.